एका ‘दों’मागची चार वाक्यं

फ्रेंच वर्तमानपत्रांत अपघाताच्या बातमीचा एक ठरलेला मथळा असतो: ‘सँक ब्लेसे, दों दझ आंफां.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘पाच जखमी, दों दोन मुलं’. क्रियापद कुठेच नाही, आणि फ्रेंच वाचकाला ते लागतही नाही. मराठीत आणताना घाई झाली की दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर ‘पाच जण आणि दोन मुलं जखमी’ असं लिहून जखमींची संख्या सातावर जाते. नाहीतर ‘पाच जखमी, ज्यांपैकी दोन मुले’ असं काहीतरी लिहिलं जातं. त्याचा अर्थ बरोबर असतो, पण ते वाक्य अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटतं. मराठी बातमीदार सरळ लिहील: ‘पाच जण जखमी झाले, त्यांत दोन मुलं आहेत.’ दोन वाक्यं झाली, दोन क्रियापदं आली आणि ‘दों’ नाहीसा झाला.

उच्चारात एका अवयवाचा हा शब्द पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटतो. ‘की’ म्हणजे जो आणि ‘क’ म्हणजे ज्याला, इथवर सगळं सरळ असतं. ‘दों’ आला की वही थांबते, कारण त्याचा एक असा अर्थ सांगता येत नाही. तो लॅटिनमधल्या ‘द उंदे’पासून, म्हणजे ‘जिथून’ या अर्थाच्या शब्दजोडीपासून आला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचं काम एवढंच: मागे आलेल्या नामाला ‘द’ हे अव्यय लागायला हवं होतं, ते नाम आणि तो ‘द’ दोन्ही गिळून पुढचं वाक्य जोडून देणं. ‘द’ हे अव्यय फ्रेंचमध्ये शेकडो ठिकाणी लागतं. मालकी दाखवायला लागतं, क्रियापदांना लागतं, विशेषणांनाही लागतं. त्यामुळे ‘दों’ दिसला की अनुवादकाने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘याचा अर्थ काय’ हा नाही. गिळलेला ‘द’ पुढच्या कुठल्या शब्दाचा होता, हा प्रश्न विचारायचा.

तो शब्द नाम असेल तर मराठीची सोय चांगली आहे. ‘ज्याचा, ज्याची, ज्याचं’ ही रूपं ‘दों’ला जवळची आहेत. पण फ्रेंचला जे करावं लागत नाही ते मराठीला करावं लागतं. ‘दों’ला लिंग नाही आणि वचनही नाही. ‘जिच्या’ लिहायचं तर मालकीण स्त्रीलिंगी आहे हे आधी ठाऊक हवं, आणि ‘जिचा’ की ‘जिची’ हे ठरवायला तिच्या मालकीची वस्तू कुठल्या लिंगाची ते ठाऊक हवं. म्हणजे एका फ्रेंच शब्दासाठी मराठीत दोन नामांकडे बघावं लागतं, आणि त्यांतलं दुसरं नाम फ्रेंच वाक्यात बरंच पुढे असू शकतं.

शब्द क्रियापद असेल तर ‘ज्याचा’ला चिकटून राहण्यात अर्थ नसतो. फ्रेंचमध्ये ‘गरज असणं’, ‘भीती असणं’, ‘वापरणं’, ‘आठवणं’, ‘बोलणं’ या सगळ्यांना तोच ‘द’ लागतो, पण मराठीत प्रत्येकाचा संसार वेगळा आहे. सुताराला ज्या हत्यारांची गरज ‘आहे’ ती मराठीत त्याला ‘लागणारी हत्यारं’ होतात. तो ‘दों’ भितो तो कुत्रा म्हणजे ‘ज्या कुत्र्याला तो घाबरतो’ किंवा ‘ज्याची त्याला भीती वाटते’. तो ‘दों’ वापरतो ती करवत तर नुसती ‘तो वापरतो ती करवत’ होते. या शेवटच्या रचनेत ‘जी’ आलीच नाही. एकटी ‘ती’ सगळं सांभाळते. ‘मला आठवतं ते घर’, ‘तू म्हणतोस तो माणूस’ हे आपण दिवसभर बोलतो, पण अनुवादाला बसलं की हीच रचना हात राखून वापरली जाते. ‘ज’ नसलेलं वाक्य अपुरं आहे की काय, अशी शंका लिहिणाऱ्याला येते. ते अपुरं मुळीच नाही, आणि ‘दों’च्या छोट्या वाक्यांत तर ते पुष्कळदा सगळ्यांत चांगलं उत्तर असतं.

आता मूळ अडचणीकडे येऊ. फ्रेंचमध्ये नाम आधी येतं आणि त्याचं वर्णन ‘दों’च्या मागून कितीही लांब जाऊ शकतं. त्या वर्णनाचं क्रियापद कर्त्याच्या जवळपास, लवकर येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधार मिळत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी. मुख्य वाक्याचं क्रियापद शेवटी, आतल्या वाक्याचंही शेवटी. फ्रेंचचा क्रम तसाच ठेवला तर मुख्य कर्ता सुरुवातीला लटकत राहतो आणि त्याचं क्रियापद येईपर्यंत मध्ये दुसरं आख्खं वाक्य, कधी तिसरंही, उभं असतं.

मराठीला नामाची लांब विशेषणं बांधायला दोन जुने रस्ते आहेत, आणि ‘दों’ला दोन्ही उपयोगी पडतात. पहिला ‘जो-तो’चा. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ किंवा ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ या म्हणींत मालकीचंच जोडवाक्य आहे. क्रम पाहावा. वर्णन आधी, नाम नंतर, आणि ‘तो’ म्हणताक्षणी गाठ पक्की. जोडवाक्य संपलं, मग मुख्य वाक्य सुरू झालं. मध्ये कुणीही लटकत राहिलं नाही.

दुसरा रस्ता ‘-लेला’, ‘-णारा’, ‘असलेला’ यांचा. यात मराठीची एक मोठी सोय आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. ‘ज्या खुर्चीचा पाय मोडला आहे ती खुर्ची’ असं म्हणायची गरज नसते. ‘पाय मोडलेली खुर्ची’ पुरतं. ‘छप्पर उडालेलं घर’, ‘बायको वारलेला माणूस’, ‘शाई संपलेलं पेन’: या प्रत्येक ठिकाणी फ्रेंचला ‘दों’ लागतो आणि मराठीला दोन शब्द पुरतात. मालकीचा प्रत्यय उच्चारावाही लागत नाही.

मात्र या सोयीला मर्यादा आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे कळलं तर अर्धी कटकट मिटते. वस्तूचं स्वतःचंच काही झालं असेल, ती मोडली, कोसळली, संपली, वारली असेल, तर ‘-लेला’ चालतो. तिने दुसऱ्या कशावर काही केलं असेल तर तो मोडतो. ‘ज्याच्या मुलाने बँक लुटली तो माणूस’ हे ‘मुलाने बँक लुटलेला माणूस’ करून पाहा. वाचणारा अडखळतो, कुणी काय लुटलं तेच कळत नाही. ‘ज्याची चित्रं मी पाहिली तो चित्रकार’ हेही ‘मी चित्रं पाहिलेला चित्रकार’ होत नाही. अशा ठिकाणी मुकाट्याने ‘ज्याच्या’कडे परतावं. शिवाय ‘-लेला’च्या आधी चारपाच शब्दांहून जास्त भार टाकला की तो खचतो. ‘गेल्या वर्षी डिसेंबरात समुद्रावरून आलेल्या वादळात पूर्वेकडच्या भिंतीसकट छप्पर कोसळलेलं घर’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण ‘घर’ येईपर्यंत वाचकाला आपण कशाबद्दल वाचतोय हेच ठाऊक नसतं.

कुठला रस्ता घ्यायचा, हे पुष्कळदा एक स्वल्पविराम ठरवतो. समजा, फ्रेंच कारखान्यातली सूचना अशी आहे: ‘कामगार दों कंत्राट संपलं आहे, त्यांनी ओळखपत्र परत द्यावं.’ फ्रेंचमध्ये ‘दों’च्या आधी स्वल्पविराम नसेल तर सूचना काही कामगारांपुरती आहे, फक्त कंत्राट संपलेल्यांसाठी. ‘दों’च्या वाक्याला दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम असतील तर सगळ्यांचंच कंत्राट संपलं आहे आणि सगळ्यांनीच ओळखपत्र द्यायचं आहे. पहिल्या अर्थाला मराठीत ‘ज्या कामगारांचं कंत्राट संपलं आहे त्यांनी ओळखपत्र परत करावं’ हे चोख बसतं. दुसऱ्याला वाक्य तोडावं लागतं: ‘कामगारांचं कंत्राट संपलं आहे, सर्वांनी ओळखपत्र परत करावं.’ आणि इथेच ‘कंत्राट संपलेल्या कामगारांनी’ ही सुटसुटीत रचना धोक्याची ठरते, कारण ती दोन्ही अर्थांनी वाचता येते. फ्रेंच स्वल्पविरामाने केलेला भेद तिच्यात पुसला जातो.

याचा उपयोग असा, की स्वल्पविरामामागचा ‘दों’ ही बहुधा जास्तीची माहिती असते आणि तिचं स्वतंत्र वाक्य करता येतं. स्वल्पविराम नसलेला ‘दों’ नामाची ओळख पटवत असतो. तो तोडला तर ओळखच जाते.

आता एक लांब वाक्य घेऊ. हे कुठल्याही पुस्तकातलं नाही, या लेखासाठी रचलं आहे, पण अशा बांधणीची वाक्यं फ्रेंच कथांमध्ये वारंवार भेटतात. फ्रेंचचा शब्दक्रम आणि ‘दों’ जागच्या जागी ठेवून ते असं दिसतं:

‘जुनं घर बंदरावरचं, दों छप्पर कोसळलं होतं हिवाळ्यात आणि दों कुणालाच नको होतं आता, होतं मालकीचं एका विधवेच्या दों थोरला मुलगा, दों लोक म्हणत की त्याने कमावला होता पैसा कॅनडात, नव्हतं लिहिलं पत्र दहा वर्षांत.’

चार ‘दों’ आहेत आणि चारही वेगळे. पहिल्याचा ‘द’ छपराचा: घराचं छप्पर. दुसऱ्याचा ‘नको असणं’ या क्रियापदाचा. त्या फ्रेंच क्रियापदाला ‘द’ लागतो, मराठीला काहीच लागत नाही. तिसरा मुलाचा: विधवेचा मुलगा. चौथा सगळ्यांत फसवा. तो कुठल्याच शब्दाची मालकी सांगत नाही, ‘ज्याच्याबद्दल लोक म्हणत’ एवढंच म्हणतो.

हे सगळं न बघता ‘दों’च्या जागी ‘ज्याचा’ बसवत गेलं तर असं काही तयार होतं: ‘बंदरावरचे ते जुने घर, ज्याचे छप्पर हिवाळ्यात कोसळले होते आणि जे आता कोणालाही नको होते, एका विधवेचे होते, जिचा थोरला मुलगा, ज्याच्याबद्दल लोक म्हणत की त्याने कॅनडात पैसा कमावला आहे, त्याने दहा वर्षांत पत्र लिहिले नव्हते.’ अर्थ चुकलेला नाही, पण मोठ्याने वाचलं की खोट कळते. ‘नको होते, एका विधवेचे होते’ इथे दोन ‘होते’ इतके जवळ आले की दुसरा कुणाचा हे क्षणभर समजत नाही. ‘थोरला मुलगा’ हा कर्ता मांडला आणि त्याचं क्रियापद यायच्या आत वाक्य वळल्यामुळे पुढे ‘त्याने’ म्हणून तो पुन्हा उभा करावा लागला. ‘मुलगा... त्याने’ ही ठिगळासारखी पुनरुक्ती दिसली की ओळखावं, मराठी वाक्य फ्रेंचच्या चालीने चाललं आहे.

दुरुस्ती मागच्या टोकाकडून सुरू केली तर सोपी जाते. चौथा ‘दों’ आधी सोडवू. ‘ज्याच्याबद्दल लोक म्हणत की’ या चार शब्दांऐवजी मराठीकडे एकच शब्द आहे: ‘म्हणे’. ‘त्याने कॅनडात म्हणे बक्कळ पैसा कमावला होता.’ अख्खं जोडवाक्य विरघळलं. मात्र ‘म्हणे’त अविश्वासाची किंचित छटा असते, ती फ्रेंचमध्ये तेवढी नाही. निवेदक तटस्थ हवा असेल तर ‘असं लोक म्हणत’ हेच बरं.

मग तिसरा. विधवेचा मुलगा ही ओळख पटवणारी माहिती नाही. वाक्यातली खरी बातमी तीच आहे. फ्रेंच वाक्यात व्याकरणाने मुख्य आहे ते ‘घर विधवेचं होतं’, पण वाचकाच्या मनाला लागतं ते शेवटचं: दहा वर्षांत पत्र नाही. फ्रेंच भाषा आपला सगळ्यांत जड भाग खुशाल गौण वाक्यात, अगदी शेवटी ठेवू शकते. मराठीत जड भाग मुख्य क्रियापदावर असावा लागतो. म्हणून इथे गौण वाक्याला बढती द्यावी लागते. ही सूट म्हणून घेतलेली मोकळीक नव्हे. मूळ वाक्यातला जोर जिथे होता तिथेच ठेवायचा तर दुसरा उपाय नाही.

राहिले पहिले दोन. छप्पर कोसळलं, म्हणजे वस्तूचं स्वतःचं झालं, तेव्हा ‘-लेला’ चालेल. ‘नको’चंही ‘नको असलेलं’ होतं. एका मार्गाने वाक्य असं उतरतं:

‘हिवाळ्यात छप्पर कोसळलेलं आणि आता कुणालाच नको असलेलं बंदरावरचं ते जुनं घर एका विधवेचं होतं. तिच्या थोरल्या मुलाने कॅनडात बक्कळ पैसा कमावला असं लोक म्हणत. दहा वर्षांत त्याने पत्र लिहिलं नव्हतं.’

दुसऱ्या मार्गाने पहिला भागही मोकळा करता येतो: ‘बंदरावरच्या त्या जुन्या घराचं छप्पर हिवाळ्यात कोसळलं होतं आणि ते आता कुणालाच नको होतं. घर एका विधवेचं.’ पुढचं तसंच. कथा संथ, वर्णनाच्या लयीत चालली असेल तर पहिलं. निवेदन तुटक आणि वेगवान असेल तर दुसरं. या दोहोंत बरोबर-चूक नाही, पण पहिल्या रचनेत छप्पर पार्श्वभूमीला राहतं आणि दुसरीत ते घटना होतं. फ्रेंचमध्ये ते पार्श्वभूमीला आहे, म्हणून पहिली मूळाला जास्त जवळची.

शेवटच्या वाक्यात एक मोह टाळला आहे. हात आपोआप ‘पण’ लिहायला जातो: ‘पैसा कमावला असं लोक म्हणत, पण दहा वर्षांत पत्र नाही.’ मूळ वाक्यात ‘पण’ नाही. लेखकाने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्यांतला विरोध वाचकावर सोडला. वाक्य तोडलं की जोडायला काहीतरी हवंसं वाटतं, आणि ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’ यांतलं प्रत्येक अव्यय लेखकाने न केलेलं विधान करून जातं. अर्धविराम तेवढं बोलत नाही.

काही ठिकाणी ‘दों’ आणि त्याचं नाम यांत बरंच अंतर असतं. फ्रेंच वाक्य म्हणतं: ‘एक माणूस दों सगळ्यांना गल्लीतल्या, अगदी पोरांनाही, माहीत होती गोष्ट.’ ‘दों’ कशाचा ते ‘गोष्ट’ येईपर्यंत कळत नाही. वाचता वाचता उतरवत जाणारा अनुवादक ‘ज्याला’ लिहून बसतो आणि मग मागे जाऊन खोडतो. मराठीत ‘ज्याची’ आणि ‘गोष्ट’ शेजारी बसायला हवेत: ‘ज्याची गोष्ट गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होती असा एक माणूस’. इथे ‘तो’ न येता ‘असा’ आला, कारण फ्रेंचमध्ये ‘एक माणूस’ होता, ‘तो माणूस’ नव्हे. हा बारकावा ‘जो-तो’ची सवय लागली की हमखास सुटतो आणि अनोळखी माणूस ओळखीचा होऊन बसतो.

एकाच ‘दों’ने दोन नामं सांभाळायची, असंही घडतं. ‘चित्रकार दों बहीण जपून ठेवी चित्रं’ यात फ्रेंच वाचक बहीण चित्रकाराची आणि चित्रंही चित्रकाराचीच असं समजून घेतो. बेल्जियन व्याकरणकार मोरीस ग्रेविस यांच्या १९३६ साली प्रथम निघालेल्या ‘ल बों यूझाज’ या जाडजूड ग्रंथात अशा दुहेरी ‘दों’ची दखल आहे. मराठी ‘ज्याची’ एवढं दुहेरी ओझं घेत नाही. ‘ज्याची बहीण चित्रं जपून ठेवी’ म्हटलं तर चित्रं कुणाचीही असू शकतात. ‘ज्याची बहीण त्याची चित्रं जपून ठेवी तो चित्रकार’ असा एक शब्द वाढवावाच लागतो.

लांबी हीच लेखकाची ओळख असेल तेव्हा वाक्य तोडण्याला मर्यादा येते. मार्सेल प्रूस्तची १९१३ ते १९२७ या काळात सात भागांत निघालेली कादंबरी तिच्या लांबलचक, वळणावळणाने मुक्कामाला पोचणाऱ्या वाक्यांसाठी ओळखली जाते. तिथे प्रत्येक ‘दों’वर पूर्णविराम दिला तर प्रूस्त उरतच नाही. अर्धविराम, ‘असा की’, ‘आणि तीही अशी की’, मधूनच ‘-लेला’, मग ‘जिच्या... तिला’, असं साधन बदलत गेलं तर मराठी वाक्यही लांब पल्ला गाठू शकतं. एकच साधन लागोपाठ तीनदा वापरलं की वाचकाचा दम जातो. साधन पालटलं की त्याला मध्ये टेकायला जागा मिळते.

कायद्याच्या आणि सरकारी मजकुरात कारण वेगळं, पण बंधन तेच. ‘प्रत्येक व्यक्ती, दों निवासस्थान या नगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि दों वार्षिक उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही, करू शकते अर्ज.’ इथले दोन्ही ‘दों’ अटी आहेत. त्यांची स्वतंत्र वाक्यं केली तर ‘व्यक्ती या हद्दीत राहते’ असं विधान होतं आणि अट नाहीशी होते. ‘-लेला’ही इथे नको, कारण दोन अटींतली सीमा पुसट होते. मराठीने इथे म्हणींतला जुनाच क्रम घ्यावा: ‘ज्या व्यक्तीचं निवासस्थान या नगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि जिचं वार्षिक उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही, अशा व्यक्तीला अर्ज करता येईल.’ दुसऱ्या अटीच्या सुरुवातीचा ‘जिचं’ गाळायचा मोह होतो, कारण त्याच्याशिवायही वाक्य चालतंसं वाटतं. पण तो गाळला की ‘वार्षिक उत्पन्न’ व्यक्तीचं की तिच्या घरातल्या सगळ्यांचं, हा वाद अर्जाच्या खिडकीवर उभा राहू शकतो, आणि फ्रेंच मजकुराने दुसरा ‘दों’ लिहून तो आधीच मिटवलेला असतो.